एक कोटी वीस लाखांचं मशीन पुस्तकात किती रुपयांचं?

विक्रेता जेव्हा कोटेशनवर लिहितो की तीन वर्षांचे हप्ते, व्याज शून्य, तेव्हा व्याज कुठेही गेलेलं नसतं. ते किमतीत मिसळलेलं असतं. हिशेब लिहिणाऱ्याचं काम ते किमतीतून बाहेर काढून जिथलं तिथे ठेवणं. हे काम कसं होतं आणि कुठे फसतं, ते एका मशीनच्या खरेदीवरून बघू. कंपनी आणि आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत, पण रचना अशा व्यवहारांत नेहमी दिसते तीच आहे.

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिला इंड एएस, म्हणजे नवी भारतीय लेखा मानकं, लागू आहेत. तिने फिरत्या टेबलासह एक व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे शॉप फ्लोअरवरच्या भाषेत व्हीएमसी, घेतलं. जीएसटी वगळून किंमत 1,20,00,000 रुपये. मशीन 1 एप्रिल 2024 रोजी ताब्यात आलं आणि बिलाची तारीखही तीच. 18 टक्के जीएसटीचे 21,60,000 रुपये महिन्याभरात द्यायचे. मूळ किंमत मात्र 40 लाखांच्या तीन हप्त्यांत, 31 मार्च 2025, 2026 आणि 2027 रोजी. सगळे हप्ते फिटेपर्यंत मशीनवर विक्रेत्याचा तारण हक्क राहणार.

पहिला प्रश्न असा की ही उधारी नेहमीची आहे का. मशीन टूल्सच्या धंद्यात ऑर्डरसोबत काही रक्कम, माल निघण्यापूर्वी बहुतेक रक्कम आणि मशीन चालू झाल्यावर उरलेले दहा टक्के, अशा अटी सर्रास दिसतात. चालू होईपर्यंत दोन-तीन महिने अडकवलेले ते दहा टक्के म्हणजे लांबवलेली उधारी नव्हे. ती कामाची हमी म्हणून ठेवलेली रक्कम असते. तीन वर्षं ही मात्र कुठल्याच अर्थाने नेहमीची मुदत नाही. अशा वेळी इंड एएस 16 चा परिच्छेद 23 सांगतो की मालमत्तेची किंमत म्हणजे नोंदीच्या दिवशीची रोख किंमत, आणि एकूण देय रकमेतला त्यावरचा फरक उधारीच्या काळात व्याज म्हणून दाखवायचा. जुन्या लेखा मानकांवर चालणाऱ्या कंपन्यांनाही यातून सुटका नाही. 2016 मध्ये सुधारलेल्या एएस 10 मध्ये हाच नियम आहे.

रोख किंमत कुठून आणायची

नियमाचा शब्द ‘रोख किंमत’ आहे. वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे द्यायच्या हप्त्यांची आजची किंमत, हे तिथे पोहोचण्याचं एक साधन आहे. म्हणून आधी रोख किंमत थेट मिळते का ते शोधायचं, आणि नाही मिळाली तरच दर धरून हप्ते मागे आणायचे. बरेच जण एक्सेल उघडून सरळ दुसऱ्या पायरीवर उडी मारतात.

या प्रकरणात कोटेशनवर रोख किंमत छापलेली होती, 1,12,00,000 रुपये. वरवर बघता प्रश्न मिटला. पण ती खरी मानली तर या उधारीचा दर किती पडतो, हे तपासायलाच हवं:

```
=RATE(3,-4000000,11200000)
```

उत्तर येतं सुमारे 3.5 टक्के. ज्या कंपनीला बँक मशीनसाठी दहा टक्क्यांच्या आसपास कर्ज देते, तिला मशीन विकणारा साडेतीन टक्क्यांनी तीन वर्षं पैसे वापरू देईल, हे पटण्यासारखं नाही. याचा अर्थ छापलेली किंमत यादीतली आहे, त्या किमतीला रोखीने कुणी घेत नाही. खरेदी विभागातली जुनी फाइल काढल्यावर तेच दिसलं. समूहातल्या दुसऱ्या कारखान्याने काही महिने आधी हेच मॉडेल फिरत्या टेबलाशिवाय रोखीने 92 लाखांना घेतलं होतं. टेबलाची स्वतंत्र किंमत 8 लाखांच्या आसपास आहे. म्हणजे खरी रोख किंमत एक कोटीच्या जवळपास.

मग थेट एक कोटीच का धरू नये? कारण दोन्ही ऑर्डरी तंतोतंत सारख्या नाहीत. टेबल वेगळं आणि खरेदीची वेळ वेगळी, त्यामुळे एक कोटी हा जोडून काढलेला अंदाज ठरतो. नोंद करण्याइतका तो पक्का नाही, पण दुसऱ्या मार्गाने आलेलं उत्तर पडताळायला उत्तम आहे. मशीन हुबेहूब तेच असतं आणि खरेदी नुकतीच झालेली असती, तर ती रोख किंमतच नोंदवायची आणि दर त्यावरून उलटा काढायचा. तेव्हा स्वतःच्या कर्जाचा दर हा पर्याय उरत नाही.

आता दराकडे येऊ. इथे तीन चुका वारंवार होतात. कुणी कॅश क्रेडिटचा दर उचलतो, पण ते अल्प मुदतीचं खेळतं भांडवल असतं. कुणी कंपनीच्या सगळ्या कर्जांचा सरासरी दर धरतो, आणि त्यात चार वर्षांपूर्वीची कर्जं त्या वेळच्या दराने मिसळलेली असतात. कुणी मागच्या वर्षीच्या फाइलमधला दर तसाच पुढे ओढतो. हवा असतो तो त्याच सुमाराचा, तेवढ्याच मुदतीचा आणि तशाच तारणाचा दर. विक्रेत्याने मशीनवर तारण हक्क ठेवला आहे, म्हणून बँकेच्या तारणी यंत्र-कर्जाशी तुलना योग्य ठरते. तारण नसतं तर दर त्याहून चढा धरावा लागला असता. कंपनीकडे त्याच तिमाहीचं बँकेचं मंजुरीपत्र होतं, 9.75 टक्के आणि वर अर्धा टक्का प्रक्रिया शुल्क. शुल्क धरून दर 10 टक्क्यांच्या आसपास जातो. तोच घेतला:

```
=PV(10%,3,-4000000)
```

उत्तर 99,47,408. जुन्या फाइलवरून निघालेल्या एक कोटीच्या अंदाजाच्या ते अगदी शेजारी आहे, त्यामुळे दरावर विश्वास ठेवता येतो. दराची निवड किती महत्त्वाची, तेही बघा. 11 टक्के धरले असते तर किंमत 97,74,859 झाली असती, म्हणजे एका टक्क्यावर पावणेदोन लाखांचा फरक. म्हणून दर कुठून घेतला याचा कागद, इथे ते मंजुरीपत्र, त्या दिवशीच फाइलला लावून ठेवायचा. वर्षभराने ऑडिटर विचारतो तेव्हा तो शोधत बसावं लागू नये.

या सूत्रात हप्ता वर्षाच्या शेवटी येतो असं गृहीत आहे. पहिला हप्ता मशीन आल्याच्या दिवशीच द्यायचा असेल तर `=PV(10%,3,-4000000,0,1)` असं शेवटचं 1 द्यावं लागतं. ते विसरलं तर आकडा कमी येतो आणि शेवटी बाकी शून्यावर येत नाही.

खातेवहीत कसं बसवायचं

इथे एक व्यावहारिक अडचण येते. विक्रेत्याचं बिल 1,41,60,000 चं आहे आणि त्याचं खातं तेवढंच दाखवायला हवं, नाहीतर खातेजुळणी कधीच जुळणार नाही. दुसरीकडे ताळेबंदात देणं वर्तमान मूल्याने यायला हवं. सोपी वाट अशी की विक्रेत्याच्या खात्यावर पूर्ण रक्कम जमा करायची आणि ‘न उलगडलेलं व्याज’ नावाचं एक वेगळं खातं उघडून फरक तिथे नावे टाकायचा:

```
1 एप्रिल 2024
भांडवली काम चालू खाते       नावे     99,47,408
जीएसटी इनपुट क्रेडिट          नावे     21,60,000
न उलगडलेलं व्याज             नावे     20,52,592
    विक्रेता                  जमा   1,41,60,000
```

हे तिसरं खातं नावे बाजूचं असलं तरी मालमत्ता नाही. ताळेबंदात ते विक्रेत्याच्या देण्यातून वजा होऊनच दिसलं पाहिजे. त्याचा गट ‘आगाऊ दिलेले खर्च’ असा ठेवला की दोन्ही बाजू वीस लाखांनी फुगतात, आणि ही चूक सॉफ्टवेअर स्वतःहून कधीच दाखवत नाही. गट निवडताना एकदाच काळजी घेतली की पुरते.

पुढे दर वर्षअखेरीस सुरुवातीच्या बाकीवर 10 टक्के व्याज:

| वर्षअखेर | सुरुवातीची बाकी | व्याज | हप्ता | उरलेली बाकी |
|---|---|---|---|---|
| मार्च 2025 | 99,47,408 | 9,94,741 | 40,00,000 | 69,42,149 |
| मार्च 2026 | 69,42,149 | 6,94,215 | 40,00,000 | 36,36,364 |
| मार्च 2027 | 36,36,364 | 3,63,636 | 40,00,000 | 0 |

व्याजाची बेरीज 20,52,592, म्हणजे तिसऱ्या खात्यात टाकलेली रक्कम तंतोतंत. नोंद एवढीच की व्याज खर्च नावे आणि न उलगडलेलं व्याज जमा. हप्ता दिला की विक्रेता नावे आणि बँक जमा. तीन वर्षांत विक्रेत्याचं खातं आणि व्याजाचं खातं दोन्ही एकाच दिवशी शून्य होतात. 20,52,592 ला तीनने भागून दर वर्षी 6,84,197 टाकण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. पहिल्या वर्षी देणं सर्वांत मोठं असतं, म्हणून व्याजही सर्वांत जास्त हवं.

तिमाही निकाल काढायचे असतील तर आणखी एक खड्डा आहे. 10 टक्क्यांना चारने भागून 2.5 टक्के दर तिमाहीला चक्रवाढीने लावले, तर वर्षाचा दर 10.38 टक्के होतो आणि मार्चला व्याज तक्त्यापेक्षा जास्त निघतं. बरोबर तिमाही दर `=1.1^(1/4)-1`, म्हणजे सुमारे 2.4114 टक्के. पहिल्या तिमाहीचं व्याज 2,39,869 रुपये. त्यानंतर प्रत्येक तिमाहीत ते थोडं वाढतं, आणि चौथ्या तिमाहीअखेर बेरीज 9,94,741 होते.

मशीन उभं करताना

मशीनचा पाया बांधायला 3,20,000 आणि वाहतूक, विमा, क्रेन यांना 80,000 रुपये रोखीने गेले. हे लांबवलेल्या उधारीचे खर्च नाहीत, ते हप्त्यांसारखे मागे आणायचे नाहीत, जसेच्या तसे जोडायचे. 1 जुलै 2024 रोजी चाचणीचे जॉब पास झाले आणि मशीन वापरायला तयार झालं. तेव्हा भांडवली कामातून मशीनच्या खात्यात गेले 1,03,47,408 रुपये.

एप्रिल ते जून या तीन महिन्यांचं व्याज मशीनच्या किमतीत घालता येईल का, हा प्रश्न हमखास येतो, कारण मशीन तर तेव्हा चालूच नव्हतं. परिच्छेद 23 मध्ये इंड एएस 23 खाली भांडवलीकरणाची मुभा आहेच. पण ती अशा मालमत्तेसाठी आहे जिला तयार व्हायला बराच मोठा काळ लागतो. तयार व्हीएमसी आणून तीन महिन्यांत बसवणं त्यात बसत नाही. म्हणून सगळं व्याज पहिल्या दिवसापासून नफा-तोटा पत्रकात वित्तीय खर्चाखाली जातं. घसारा मात्र 1 जुलैपासूनच.

आयुष्य 15 वर्षं आणि उरलेलं मूल्य 5 टक्के धरलं तर वर्षाचा घसारा 6,55,336 आणि पहिल्या नऊ महिन्यांचा 4,91,502. आता चुकीच्या पद्धतीशी तुलना करा. पूर्ण 1,20,00,000 वर पाया आणि क्रेन धरून 1,24,00,000 नोंदवले असते, तर पहिल्या वर्षाचा घसारा 5,89,000 आणि व्याज शून्य. बरोबर पद्धतीत पहिल्या वर्षाचा एकूण भार 14,86,243. म्हणजे करपूर्व नफा 8,97,243 ने कमी दिसतो. व्यवस्थापनाचा विरोध नेमका इथे होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण मशीन वीस लाखांनी महाग दाखवून तो भार पंधरा वर्षांवर पसरवला, तर तीन वर्षांच्या उधारीची किंमत चौदाव्या वर्षाच्या नफ्यातून वसूल होत राहते. घसारा आणि व्याज या दोन्हींच्या आधीचा नफा दोन्ही पद्धतींत सारखाच राहतो, हेही त्यांना त्याच बैठकीत दाखवावं.

ताळेबंदात हे देणं व्यापारी देण्यांत बसत नाही. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 3 मध्ये कर्जाखाली ‘लांबवलेली देणी’ असा स्वतंत्र उपगट आहे, ते तिथे जातं. त्यामुळे कर्ज-भांडवल गुणोत्तर बदलतं, आणि बँकेच्या अटींत त्याची मर्यादा असेल तर करारावर सही करण्याआधीच तपासलेली बरी. 31 मार्च 2025 च्या 69,42,149 पैकी चालू भाग 33,05,785, म्हणजे पुढच्या वर्षभरात बाकी जितकी कमी होणार तितका, आणि उरलेला 36,36,364 बिगर-चालू. चालू भाग म्हणून 40 लाख दाखवणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. त्या 40 लाखांतले 6,94,215 हे पुढच्या वर्षाचं व्याज आहे, आणि ते देणं अजून जन्मालाच आलेलं नाही.

रोख प्रवाह पत्रकातही तसंच. मशीन आलं त्या दिवशी त्याच्या किमतीपोटी रोख गेलीच नाही, म्हणून गुंतवणूक विभागात एक कोटीची खरेदी आणि कामकाज विभागात तेवढीच देण्यांची वाढ, असं दाखवायचं नाही. पाया आणि क्रेनचे 4 लाख मात्र गुंतवणुकीत येतात. मार्च 2025 चा हप्ता वित्तपुरवठ्यात, 9,94,741 व्याज आणि 30,05,259 मुद्दल अशा दोन ओळींत.

180 दिवसांचा जीएसटी

लेखा मानकं वाचून झाल्यावरही एक मोठी गोष्ट नजरेतून सुटते. जीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत विक्रेत्याला पैसे पोहोचले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात उलटवावं लागतं, कलम 50 च्या व्याजासह. करारातच तीन वर्षांची मुदत आहे, हे कारण इथे चालत नाही. जीएसटीची रक्कम वेळेत दिली, एवढंही पुरत नाही, कारण कायदा किंमत आणि कर दोन्ही देण्याबद्दल बोलतो.

या बिलाला 180 दिवस 28 सप्टेंबर 2024 रोजी भरतात. तेव्हा 1,41,60,000 पैकी 1,20,00,000 द्यायचे बाकी आहेत, म्हणून उलटवायचं क्रेडिट 18,30,508. ते GSTR-3B या जीएसटीच्या विवरणपत्रात 4(B)(2) ला येतं, कारण ते तात्पुरतं आहे. 4(B)(1) ला टाकलं तर ते कायमचं सोडल्यासारखं दिसतं. मार्च 2025 चा हप्ता गेला की 6,10,169 परत 4(A)(5) मध्ये घ्यायचे आणि 4(D)(1) मध्ये दाखवायचे, आणि पुढच्या दोन हप्त्यांना तसंच. ही रक्कम परत मिळणार आहे, म्हणून ती मशीनच्या किमतीत घालायची नाही, येणं म्हणून वेगळी ठेवायची. पण अठरा लाख इतके दिवस अडकतात, हे करारावेळीच मांडायला हवं. ‘शून्य व्याज’ म्हणून घेतलेल्या उधारीचा खरा खर्च 10 टक्क्यांहून जास्त पडतो तो इथे.

मधेच बँकेचा दर बदलला तरी तक्त्यातले 10 टक्के बदलायचे नाहीत. तो दर पहिल्या दिवसाला बांधलेला असतो. आणि समजा एप्रिल 2026 च्या सुरुवातीलाच विक्रेत्याने शेवटच्या हप्त्याऐवजी 36,00,000 घेऊन खातं बंद करायचं मान्य केलं, तर पुस्तकातली बाकी 36,36,364 आहे. 36,364 चा फरक त्या वर्षाच्या नफ्यात जातो. मशीनच्या किमतीला कुणी हात लावायचा नाही. ती 1 एप्रिल 2024 लाच ठरली.